गाळ्यांचा दर उतरवला ते वर्ष

नगरपालिकेच्या कर विभागात मी तेहतीस वर्षं काढली. राहायला सोलापुरात, नोकरी एसटीने सव्वा तासावरच्या तालुक्याच्या गावात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल सांगायचंय ती माणसं अजून तिथंच राहतात. माझा स्वभाव तापट. ऑफिसात मागून मला 'फोडणी' म्हणायचे आणि पुढून साहेब. मला त्याचं काही वाटायचं नाही. कर मागणारा माणूस गोड बोलायला लागला की लोक त्याला चहा पाजून तसाच परत पाठवतात, हा माझा अनुभव आहे.

घरी मी आणि अक्का. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सोलापुरातल्या एका कॉलेजात तिने आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं. तिने लग्न केलं नाही, माझी बायको लवकर गेली, तेव्हापासून आम्ही दोघं एकाच स्वयंपाकघरात जेवतो. ती मला अजून तम्मा म्हणते. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला कुणी तम्मा म्हटलं की त्याचा निम्मा राग तिथंच उतरतो. उरलेला निम्मा मी तिच्या अर्थशास्त्रावर काढायचो.

आमचं जुनं भांडण एकच होतं. कर फार वाढवला तर तिजोरीत पैसे वाढतात की घटतात?

माझं म्हणणं पुस्तकातलं नव्हतं. नोकरीची पहिली सात वर्षं मी जकात नाक्यावर होतो. तेव्हा गावात माल आणायचा तर नाक्यावर पालिकेची जकात भरावी लागायची. एका साली गोडेतेलावरची जकात एकदम वाढवली. महिन्याभरात नाक्यावर तेलाचे डबे दिसेनासे झाले. गावात भज्यांचे गाडे होते तेवढेच होते, तळण कुठं कमी झालं नव्हतं, पण नाक्यावर तेल येत नव्हतं. टेंपो ओढ्याकाठच्या गाडीवाटेनं मागून गावात शिरायचे. दोन वर्षांनी दर पुन्हा खाली आणला, तर तेच टेंपो नाक्यावर रांगेत उभे. डबे इतके आले की दर कमी असूनही जमा वाढली. मी स्वतःच्या हाताने पावत्या फाडल्यात. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ही गोष्ट मी अक्काला किती वेळा सांगितली असेल. ती दर वेळी म्हणायची, "खरं आहे की. होतं असं." आणि तिने असं शांतपणे मान्य केलं की माझं टाळकं जास्तच सरकायचं.

एकदा जेवताना तिने लग्नाच्या पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मला आकृती काढून दाखवली. उपडी ठेवलेली कढई असते तशी. डाव्या टोकाला कर शून्य, म्हणून जमाही शून्य. उजव्या टोकाला सगळीच्या सगळी कमाई करात, मग कोण कशाला कमवेल किंवा कमवलेलं दाखवेल, म्हणून तिथंही शून्य. मधे कुठंतरी शिखर.

"या दोन टोकांबद्दल कुणाचंच भांडण नाही," ती म्हणाली. "भांडण आहे ते शिखर कुठंय याचं. आणि आपण त्याच्या कुठल्या बाजूला उभे आहोत याचं."

"उजव्या बाजूला," मी म्हणालो. "आपल्याकडं नेहमी उजव्या बाजूलाच."

"तुला कसं कळलं?"

"नाक्यावर उभा होतो म्हणून."

ती हसली. मग म्हणाली की शिखर एका ठिकाणी खिळा ठोकून बसवलेलं नसतं. प्रत्येक कराचं वेगळं, प्रत्येक गावाचं वेगळं. जे सहज पळून जाऊ शकतं त्यावरच्या कराचं शिखर लवकर येतं, जे जागचं हलत नाही त्याचं फार पुढं असतं. शिवाय तपासणी कडक असेल तर तेच शिखर आणखी पुढं सरकतं, ढिली असेल तर मागं येतं. म्हणून अर्थशास्त्रज्ञ भांडतात. कुणी म्हणतं लोक कामच कमी करतात, कुणी म्हणतं काम तेवढंच करतात, फक्त लपवतात. दर उतरवला आणि जमा वाढली तर ती दरामुळं वाढली, की त्या वर्षी धंदाच बरा होता म्हणून, की आणखी कशामुळं, हे सुटं करणं लई अवघड. "खूप चढ्या दरांवर तुझं म्हणणं खरं ठरलंय," ती म्हणाली. "पण नेहमीच्या दरांवर बहुतेक वेळा दर कमी केला की जमाही कमीच होते. दर उतरवला की तो आपला तोटा आपणच भरून काढतो असं लोक म्हणतात, तसं सहसा होत नाही." आणि मग वर्गात शिकवत असल्यासारखं बोट वर करून म्हणाली, "शिवाय शिखरावर जाऊन बसायचं हेच पालिकेचं काम आहे असं कुणी सांगितलं?"

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि गप्प बसलो. पटलं म्हणून नाही. तिच्यापुढं बोलून मी कधी जिंकलो नाही म्हणून.

पुढं बरीच वर्षं गेली. जकात बंद झाली, मी मालमत्ता कराकडं आलो, चढत चढत विभागप्रमुख झालो. तेव्हा पालिकेवर प्रशासक होते. निवडून आलेली सभा नव्हती, मुख्याधिकारी मॅडमच प्रशासक. तिशीतल्या, हुशार, बोलायला नीट. त्यांच्याकडं एक दिवस बाजारपेठेतले गाळामालक आले. गाळा म्हणजे दुकानाची खोली. गावात अशा खोल्या बांधून भाड्याने द्यायचा मोठा धंदा होता, आणि भाड्याने दिलेल्या गाळ्यावरचा कर जबरी होता. सगळे उपकर धरून वर्षाच्या भाड्यातलं चार महिन्यांचं भाडं आमच्या बिलात जायचं. मालक स्वतः दुकान चालवत असेल तर मात्र कर त्याच्या कितीतरी पट कमी. साहजिकच गावातले निम्म्याहून जास्त मालक कागदावर स्वतःच किराणा विकत होते, स्वतःच केस कापत होते, स्वतःच मोबाइल दुरुस्त करत होते. प्रत्यक्षात ते घरी झोपलेले आणि गाळ्यात भाडेकरू.

मालक मॅडमना म्हणाले, दर कमी करा, आम्ही सगळे भाडेकरू दाखवतो, तुमचंच उत्पन्न वाढेल.

ते गेल्यावर मॅडमनी मला बोलावलं. "तुम्ही इतकी वर्षं बघताय. तुम्हाला काय वाटतं?"

हे वाक्य मला आजही शब्दाशब्दाने आठवतं. इतक्या वर्षांत मला कुणी कधी 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारलं नव्हतं. किती वसूल झालं, का नाही झालं, कधी करणार, एवढंच विचारलं होतं. मी खुर्चीत पुढं सरकून बसलो आणि त्यांना गोडेतेलाची गोष्ट सांगितली. कागद घेऊन कढईची आकृतीही काढली. मॅडम म्हणाल्या, "हे टिपणीत लिहून द्या."

त्या रात्री जेवताना अक्काला सांगितलं. ती खूश होईल असं वाटलं होतं. तिने ताट बाजूला सारलं.

"तम्मा, तेलाचा टेंपो वळतो. गाळा वळत नाही. तो उद्या उठून ओढ्याकाठानं दुसऱ्या गावाला जाणार आहे का?"

"गाळा नाही जाणार. भाडेकरू लपवतात की."

"लपवतात कारण बघायला कुणी येत नाही. तुझ्याकडं माणसं किती आहेत?"

"तीन. त्यातला एक कायम निवडणुकीच्या कामावर."

"मग दराचं काय घेऊन बसलास? आणि भाडेकरू दाखवला की फक्त तुमचाच कर लागतो का? आयकरवाल्याला भाडं दिसतं, भाडेकरूच्या हातात कागद जातो, तो उद्या गाळा सोडायला नाही म्हणतो. मालक त्यालाच जास्त भितात. तुझा दर उतरला म्हणून ती भीती जाणार आहे व्हय?"

मग तिने हिशेब मांडला, अगदी शाळेतल्या पोराला सांगावा तसा. समजा गावात बारा गाळे भाड्याचे म्हणून दाखवलेत आणि प्रत्येकाचं चार महिन्यांचं भाडं तुम्हाला मिळतंय. बारा चोक अठ्ठेचाळीस. चारचे तीन केलेस, तर सोळा गाळे पुढं आले पाहिजेत, तेव्हा कुठं सोळा त्रिक अठ्ठेचाळीस होऊन तू होतास तिथंच राहशील. वाढ त्याच्यानंतर. "बाराचे सोळा होतील असं तुला कशावरून वाटतं? चौकशी केलीस? दहा मालकांना विचारलंस?"

मी म्हणालो, मला विचारायची गरज नाही, मी माणसं ओळखतो.

"पी हळद आणि हो गोरी," ती म्हणाली आणि उठली.

मी टिपणी लिहिली. चांगली लिहिली, अजून माझ्याकडं प्रत आहे. दर चारवरून तीन महिन्यांवर आणायचा ठराव झाला, वरून मंजुरी आली. त्याच साली सरकारची शास्तीमाफी निघाली. शास्ती म्हणजे थकलेल्या करावर दर महिन्याला चढणारा दंड, आणि ज्याच्या दारात वर्षानुवर्षं थकबाकी साचलीय त्याला तो मुद्दलाहून जड होतो. माफीबरोबर आम्ही हलगीही काढली. वसुलीच्या दिवसांत थकबाकीदाराच्या दारापुढं हलगीवाले उभे करायचे, सगळी गल्ली गोळा होते, आणि मग माणूस शरमेनं तरी कपाटाकडं जातो. मी स्वतः पुढं उभा असायचो. फोडणी कडकडत होती.

मार्चअखेरीला एकूण वसुली आजवरची सगळ्यात मोठी निघाली. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी सोलापूरच्या स्टँडवर उतरल्यावर अर्धा किलो पेढे घेतले आणि अक्काच्या पुढं डबा ठेवला.

तिने पेढा घेतला. चांगलाय म्हणाली. मग विचारलं, "यात मागचं किती आणि चालू किती?"

वाचणाऱ्याला हा प्रश्न साधा वाटेल, म्हणून सांगतो. आमच्या वसुलीच्या नोंदवहीत दोन रकाने असतात. एक मागील थकबाकीचा, एक चालू वर्षाच्या मागणीचा. जुनी थकबाकी एकदा आली की आली, ती पुढच्या वर्षी पुन्हा येत नाही. म्हणून या दोन रकान्यांची बेरीज करून 'यंदा कर वाढला' असं कधीही म्हणायचं नाही. हे मी नव्या क्लार्कना पहिल्याच आठवड्यात शिकवायचो. चुकलं तर वही फेकायचो, खरंच फेकायचो. आणि तोच मी बेरजेचा आकडा घेऊन पेढे वाटत सुटलो होतो. रकाने माझ्या टेबलावर उघडे होते. बघावंसं वाटलं नाही, एवढंच.

अक्काला मी काय बोललो ते लिहायची लाज वाटते. तुला माझं कधीच चांगलं बघवलं नाही, असं म्हणालो. पुस्तकं वाचून वाचून तुझं डोकं वाळलंय, असंही म्हणालो. तिने पेढ्याच्या डब्याचं झाकण लावलं. आठवडाभर आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो.

त्याच वर्षी गाळामालक पुन्हा आले. त्यांच्या हातात आमचाच आकडा. बघा, दर उतरवला तर वसुली वाढली, आणखी उतरवा. तीनवरून दोन. मॅडमनी पुन्हा माझ्याकडं पाहिलं आणि मी पुन्हा टिपणी लिहिली. या वेळी पुरावा म्हणून तीच बेरीज जोडली. चोवीस गाळे पुढं यायला हवेत, हे मला तेव्हा तोंडपाठ होतं, कारण अक्काचा हिशेब डोक्यातून जात नव्हता. पण मला वाटलं, येतील.

पुढच्या मार्चला हलगी वाजली तशीच, पण कपाटं रिकामी होती. जुनं सगळं येऊन गेलं होतं. मी एका दुपारी वही उघडली आणि दोन्ही रकाने वेगळे लिहून काढले, मागच्या तीन वर्षांचे. अक्काच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या वेळी बाराचे चौदा झाले होते, दुसऱ्या वेळी चौदाचे पंधरा. पंधरा दुणे तीस. अठ्ठेचाळीसच्या जागी तीस. आणि मी ज्याला वाढ समजलो ती सगळी शास्तीमाफी आणि हलगीची थकबाकी होती. मावशीने आणलेला चहा थंड झाला, तिने तो नेऊन पुन्हा गरम करून आणला.

मावशी म्हणजे आमच्या ऑफिसातली झाडलोट करणारी, चहा करणारी बाई. वयाने माझ्याहून लहानच, पण सगळे मावशीच म्हणायचे. नवरा नाही, एक लेक. ती लेक जेऊरकडं दिली होती आणि तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पालिकेचं एक छोटं प्रसूतिगृह होतं, ऑफिसच्या मागच्याच गल्लीत. पालिकेच्या पैशातून नेमलेली कंत्राटी डॉक्टरीण, दोन नर्स. गरिबांच्या कितीतरी लेकी तिथं बाळंत झाल्या. मावशीने लेकीचं नाव तिथं घातलं होतं आणि तिथलं कार्ड ती मला दोनदा दाखवून गेली होती, तारीख नीट वाचून सांगा म्हणून.

अंदाजपत्रकाची बैठक झाली तेव्हा तूट भरून काढायची होती. पगार कापता येत नाही, पाणी आणि दिवाबत्ती बंद करता येत नाही, म्हणून कात्री नेहमी कंत्राटी खर्चावर पडते. लेखापाल एकेक बाब वाचत होते. प्रसूतिगृह, रविवार आणि सुट्टीच्या दिवसाची कंत्राटी सेवा बंद, असं त्यांनी वाचलं. मॅडमनी विचारलं, कुणाचं काही म्हणणं? मी त्या टेबलाशी होतो. तूट कुठून आली हे त्या खोलीत सगळ्यात नीट मला माहीत होतं. एरवी रस्त्यात केळ्याची साल दिसली तरी आरडाओरडा करणारा मी, त्या दिवशी खाली मान घालून पेनचं टोपण काढ-घाल करत बसलो. बोललो असतो तर सांगावं लागलं असतं की माझी टिपणी चूक होती. पुढची बाब वाचली गेली.

मावशीच्या लेकीला कळा सुरू झाल्या त्या रविवारी, भर दुपारी. मायलेकी चालत प्रसूतिगृहात गेल्या. कुलूप. दारावर सोमवार ते शनिवार असं नवीन लिहिलेलं होतं. मावशीला वाचता येत नव्हतं, तिला वाटलं डॉक्टरीण जेवायला गेली असेल, म्हणून त्या पायरीवर थांबल्या. किती वेळ थांबल्या ते ती मला नीट सांगू शकली नाही. शेवटी शेजारच्या कुणीतरी सांगितलं आणि मग रिक्षा करून सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. लेक वाचली. मुलगा झाला होता, तो वाचला नाही.

मला सोमवारी ऑफिसात कळलं. चहा कुणी केला नव्हता म्हणून मी ओरडलो, तेव्हा क्लार्कने हळूच सांगितलं.

घरी येऊन मी अक्काला सगळं सांगितलं. रकान्यांचं, बैठकीचं, कुलपाचं. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं, कारण त्या पेढ्यांनंतर मी ऑफिसचा विषय घरात काढलाच नव्हता. मला वाटलं ती म्हणेल, मी सांगत नव्हते का. ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"अक्का, ते पोर माझ्यामुळं गेलं का?"

तिने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "मला माहीत नाही, तम्मा. डॉक्टरीण असती तरी कदाचित गेलं असतं. कदाचित नसतं गेलं. तो रविवार आपल्याला पुन्हा दोन्ही तऱ्हेने बघता येत नाही."

"मग तुझं शास्त्र कशाला आहे?"

"इतकंच सांगायला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. आई गेली त्या वेळेनंतर तिला मी रडताना पाहिलं नव्हतं. मग मलाही राहवलं नाही. आम्ही दोघं म्हातारी बहीणभाऊ ताटं तशीच पुढ्यात ठेवून रडलो. पाचही बोटं तुपात असलेल्या गाळामालकांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण खरं सांगायचं तर त्यांनी फक्त मागितलं होतं. मागणं त्यांचं कामच होतं. लिहून मी दिलं.

दुसऱ्या दिवशी मी नवी टिपणी केली. दर पूर्ववत चार करावा, नाहीतर निदान तीन, आणि त्याआधी गाळे तपासायला सहा माणसं द्यावीत. आधीच्या टिपणीतला आकडा चुकीचा होता, मागील आणि चालू यांची बेरीज केली होती, ही माझी चूक आहे, असं स्वच्छ शब्दांत लिहिलं आणि सही केली. मॅडमनी वाचली. त्या वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. पण आता निवडणुका लागतील. उतरवलेला दर चढवायचा प्रस्ताव या महिन्यात कोण पुढं नेईल?" महिन्याभरात त्यांची बदली झाली. फाइल नव्या साहेबांच्या टेबलावर गेली आणि तिथंच राहिली. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. माझ्या निवृत्तीला तेव्हा दोन महिने उरले होते.

मावशी तेराव्या दिवशी कामावर आली. कपाळ मोकळं आधीपासूनच, पण चेहराही पुसल्यासारखा झाला होता. तिने सगळ्यांच्या टेबलावर चहा ठेवला. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी तिला माझ्यासमोरच्या बाकावर बसवलं. ती आधी बसेना. साहेबापुढं बसायची सवय नाही म्हणाली.

मी तिला सांगितलं. अक्काने मला सांगितलं होतं तसंच, बारा गाळे आणि सोळा गाळे करून. तेलाचे डबे सांगितले. दर उतरवला की पैसा वाढेल असं मला वाटलं होतं, तसं कधी कधी होतंही, पण इथं झालं नाही, आणि ते मी नीट बघितलं नाही, म्हणून रविवारची डॉक्टरीण गेली. बैठकीत मी गप्प बसलो हेही सांगितलं. ती शिव्या देईल, निदान उठून जाईल, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मला तेच हवं होतं.

ती ऐकत होती. मधेच एकदा म्हणाली, "म्हंजी मालकांचं बिल कमी झालं, आन् डॉक्टरीण गेली."

"व्हय."

"मालकांनी दुकानदारांचं भाडं कमी केलं का मग?"

हा प्रश्न ना मला सुचला होता ना मॅडमना. मी म्हणालो, "नाही. कुणीच नाही केलं."

"आन् तुमच्या ध्यानात आलं न्हाय."

"आलं नाही, मावशी. यायला हवं होतं."

ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "मंग आता परत चढवा की ते बिल."

"लिहिलंय मी. होत नाही म्हणतात."

"उतरवायला झालं, चढवायला हुईना व्हय?"

चूक कबूल केली की माणूस हलका होतो असं लोक सांगतात. मी तिच्यापुढं बसलो होतो आणि मला नुसतं लहान झाल्यासारखं वाटत होतं.

मावशी उठली. टेबलावरचा माझा कप उचलला. दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"साहेब, तुमी आता रिटायर होनार. लेक अजून लहान हाय, पुन्यांदा दिवस ऱ्हातील तिला. त्या टायमाला परत रविवार आला, तर हितं न थांबता सरळ कुटं न्यायची, तेवढं कागदावर लिहून द्या. मी रिक्षावाल्याला दावीन."

मी कोरा कागद घेतला. त्याच मोठ्या दवाखान्याचं नाव आणि पत्ता मोठ्या अक्षरात लिहिला, कारण दुसरं लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

"बरं झालं," मावशी म्हणाली, आणि कपबश्या विसळायला गेली.